विश्लेषण : ‘मुदत द्यावी’चे इंग्रजीत ‘यू शुड’ का होऊ नये?

बुधवारी रात्री मामेबहिणीचा मेसेज आला. ती अमेरिकेतल्या एका विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगचे पदव्युत्तर शिक्षण घेते. सोमवारपासून ताप, शुक्रवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत असाइनमेंट द्यायची आणि उशीर झाला तर दर दिवसाला १० टक्के गुण कापले जाणार, असे अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकातच छापलेले. ‘दादा, प्रोफेसरांना मुदत मागायची आहे. मेल लिहिलाय. फक्त ग्रामर बघ ना,’ एवढेच तिचे म्हणणे.

मेल असा होता : ‘रिस्पेक्टेड सर, आय अॅम हॅविंग फीव्हर सिन्स थ्री डेज. सो आय कॅनॉट सबमिट द असाइनमेंट ऑन फ्रायडे. यू शुड काइंडली गिव्ह मी एक्स्टेन्शन टिल मंडे. आय वुड सबमिट इट विदाउट फेल. प्लीज रिप्लाय अॅज सून अॅज पॉसिबल. थँकिंग यू.’

व्याकरणाची खरी चूक पहिल्याच वाक्यात आहे आणि ती दोन मिनिटांत दुरुस्त होते. पण ज्या वाक्यांमुळे काम बिघडू शकते ती दुसरीच आहेत. ‘यू शुड काइंडली गिव्ह मी’ यात व्याकरणाची एकही चूक नाही. तरीही इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्राध्यापकाला त्यातून ऐकू येते ते असे : ‘मला मुदत देणे हे तुमचे कर्तव्य आहे.’ बहिणीच्या मनात यातले काहीही नव्हते. तिने मनातल्या मनात अत्यंत नम्र मराठी वाक्य तयार केले होते आणि ते प्रामाणिकपणे इंग्रजीत नेले होते. गडबड नेण्यात झाली.

नम्र मराठी वाक्य उद्धट कसे झाले?

मनातले वाक्य होते, ‘मला सोमवारपर्यंत मुदत द्यावी.’ शाळेत ज्याला आपण विध्यर्थ म्हणून शिकलो, तो हा. वा, वी, वे हे प्रत्यय लागलेले क्रियापद. हा विध्यर्थ मराठीत बरीच कामे करतो. ‘मुलांनी मोठ्यांचा मान राखावा’ यात कर्तव्य आहे. ‘आता पाऊस थांबावा’ यात इच्छा आहे. ‘अर्ज मंजूर करावा’ यात विनंती आहे. तिन्हीकडे क्रियापदाचे रूप सारखेच; कुठे उपदेश, कुठे इच्छा आणि कुठे विनंती हे आपल्याला प्रसंगावरून कळते. शाळेपासून प्रत्येक अर्जात ‘ही नम्र विनंती’ लिहिल्याने ‘द्यावी’ हे रूप आपल्या कानाला आदराचेच वाटते.

इंग्रजी शिकताना मात्र या रूपाला बहुतेकांना एकच जोडीदार मिळाला, तो म्हणजे ‘शुड’. ‘मुलांनी मान राखावा’ याचे ‘चिल्ड्रन शुड रिस्पेक्ट’ हे भाषांतर बरोबरच आहे. पण ‘शुड’कडे विध्यर्थाची सगळी कामे नाहीत. ‘यू’ला जोडून आला की तो सल्ला देतो किंवा कर्तव्याची आठवण करून देतो. डॉक्टर रुग्णाला ‘यू शुड रेस्ट’ म्हणतात, ते विनंती म्हणून नव्हे. विद्यार्थ्याने प्राध्यापकाला ‘यू शुड’ म्हटले की पायरी उलटी होते. सल्ला देणारा विद्यार्थी आणि ऐकणारे प्राध्यापक.

‘काइंडली’ आणि ‘प्लीज’ घातल्याने हे निस्तरत नाही. आज्ञेपुढे ‘प्लीज’ लावले तरी ती सौम्य आज्ञाच राहते, समोरच्याला नकार द्यायला जागा उरत नाही. ‘काइंडली’चे तर आणखी वेगळे आहे. आपल्याकडच्या सरकारी पत्रव्यवहारात हा शब्द आदराचा मानला जातो. अमेरिकी किंवा ब्रिटिश कानाला मात्र तो अनेकदा नोटीस बोर्डावरच्या कोरड्या सूचनेसारखा किंवा चिडून दिलेल्या तंबीसारखा वाटतो.

याचा अर्थ भारतीय इंग्रजी चूक आणि त्यांची बरोबर, असा घेऊ नये. पुण्यातल्या महाविद्यालयात मराठी सरांना हाच मेल गेला असता, तर त्यांनी ‘यू शुड’मागचे ‘द्यावी’ आपोआप ओळखले असते, कारण तेही त्याच शाळेत इंग्रजी शिकले आहेत. मेल लिहिताना प्रश्न एवढाच विचारायचा, की वाचणाऱ्याच्या कानात मराठी आहे का? बहिणीच्या प्राध्यापकांच्या कानात ती नव्हती.

मग ‘यू मे’ चालेल का?

‘शुड’ काढ म्हटल्यावर तिने पाच मिनिटांत दुसरा मसुदा पाठवला : ‘यू मे गिव्ह मी एक्स्टेन्शन टिल मंडे.’ तर्क सरळ होता. ‘मे’ हा मृदू शब्द आहे आणि आपल्या कार्यालयीन इंग्रजीत ‘लीव्ह मे काइंडली बी ग्रँटेड’ असे सर्रास लिहितात.

पण त्या ठरीव वाक्यात ‘यू’ कुठेच नाही. रजा मंजूर व्हावी, एवढेच ते म्हणते. कोणी करावी हे सांगत नाही. तिथे ‘यू’ आणून बसवला की ‘मे’चे दुसरे काम सुरू होते, ते म्हणजे परवानगी देणे. शिक्षक विद्यार्थ्याला ‘यू मे गो’ म्हणतात. त्याच न्यायाने ‘यू मे गिव्ह मी एक्स्टेन्शन’ म्हणजे ‘सर, मला मुदत द्यायला माझी तुम्हाला परवानगी आहे.’ हे मी तिला सांगितल्यावर पलीकडून बराच वेळ काही उत्तर आले नाही.

परवानगी मागायची असेल तर ‘मे’ स्वतःकडे घ्यावा लागतो : ‘मे आय सबमिट इट ऑन मंडे?’ हे वाक्य शुद्ध आहे, नम्रही आहे, फक्त थोडे वर्गात हात वर करून विचारल्यासारखे आहे.

‘कॅन’चा ‘कुड’ केल्याने नेमके काय होते?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी कम्युनिकेशन स्किल्स नावाचा विषय आम्हालाही होता. त्यात एक तक्ता होता : ‘कॅन’पेक्षा ‘कुड’ नम्र, ‘विल’पेक्षा ‘वुड’ नम्र. का, ते कोणी सांगितले नाही. ‘कुड’ हा ‘कॅन’चा भूतकाळ, हे शाळेत पाठ केलेले. मग उद्याची गोष्ट मागताना भूतकाळ कशाला?

याचे उत्तर आपल्या घरात आहे. आपण सरांच्या केबिनच्या दारात उभे राहून काय म्हणतो? ‘सर, जरा एक विचारायचं होतं.’ विचारायचे आत्ता आहे, तरी ‘होतं’ म्हणतो. शेजारच्या काकांकडे शिडी मागायला गेलो की, ‘काका, थोडं काम होतं तुमच्याकडे.’ काम संपलेले नसते, ते सांगायलाही अजून सुरुवात झालेली नसते. भूतकाळाने आपण ती गरज दोन पावले मागे सरकवतो. काकांनी ‘आज नाही जमणार’ म्हटले तरी कोणालाच अवघडल्यासारखे होत नाही, कारण आपण ‘आत्ताच्या आत्ता पाहिजे’ असे म्हटलेलेच नसते.

‘कुड’ हेच करतो. ‘कॅन आय’ म्हणजे ‘मिळेल का’. ‘कुड आय’ म्हणजे ‘मिळू शकेल का, विचारायचं होतं.’ काळ बदललेला नसतो, अंतर वाढलेले असते. हे एकदा पटले की तक्ता पाठ करावा लागत नाही.

आणि इथे मराठीने आणखी एक चांगली सोय करून ठेवली आहे. मुदत ‘द्यावी’ असे म्हटले की देणारा समोर उभा राहतो. मुदत ‘मिळेल का’ असे म्हटले की देणारा वाक्यातून निघून जातो. कोणाला काही करायला सांगितलेलेच नाही. इंग्रजीत याची जोडी म्हणजे ‘कुड यू गिव्ह मी’ आणि ‘कुड आय हॅव’ किंवा ‘कुड आय सबमिट’. दोन्ही चालतात. पण दुसऱ्यात वाक्याचा कर्ता विद्यार्थी असतो, त्यामुळे प्राध्यापकांवर कामाचा बोजा टाकल्यासारखे वाटत नाही.

म्हणून मी बहिणीला एकच सांगितले : इंग्रजी वाक्य सुधारत बसू नकोस, मनातले मराठी वाक्य बदल. ‘मुदत द्यावी’वरून निघालीस तर ‘शुड’वर पोहोचशील. ‘सोमवारपर्यंत देऊ शकेन का?’वरून निघालीस तर ‘कुड आय सबमिट इट बाय मंडे?’ आपोआप येईल. ‘मला हवी आहे’वरून निघू नकोस, कारण त्याचे ‘आय वॉन्ट’ होते. हा अनुभव माझा स्वतःचा आहे. तिसऱ्या वर्षी मी आमच्या सरांना ‘सर, आय वॉन्ट टू मोअर डेज’ असा मेल केला होता. त्यांचे उत्तर मराठीत आणि दोनच शब्दांचे होते : ‘मलाही हवेत.’ दोन दिवस मिळाले नाहीत.

‘वुड’ सगळीकडे नम्र असतो का?

नाही, आणि इथेच नम्र व्हायला निघालेले लोक सर्वाधिक फसतात. बहिणीच्या मेलमधले वाक्य होते, ‘आय वुड सबमिट इट विदाउट फेल.’ ‘विल’पेक्षा ‘वुड’ नम्र, हा तक्ता तिने विनंतीतून उचलून वचनातही लावला. भारतीय इंग्रजीत हे इतके रुळले आहे की कार्यालयीन मेलमध्ये ‘द मीटिंग वुड बी हेल्ड टुमॉरो’ कोणालाच खटकत नाही.

पण इंग्रजी मातृभाषकाला ‘वुड’मागे न लिहिलेला ‘इफ’ ऐकू येतो. ‘आय वुड सबमिट’ म्हणजे ‘मी दिली असती’ किंवा ‘मी देईनही, पण जर...’ आणि वाक्य तिथेच लटकते. पण काय? जर काय? मुदत मागताना प्राध्यापकांना ज्या एका गोष्टीची खात्री हवी असते, की नव्या तारखेला काम खरेच हातात येईल, तीच या शब्दाने डळमळीत होते. नम्रता मागण्यात हवी, शब्द देण्यात ठामपणा हवा. म्हणून विनंतीत ‘कुड’ आणि वचनात साधा ‘विल’. ‘आय विल सबमिट’ हे उद्धट नाही, ते विश्वासार्ह आहे.

‘आय कॅनॉट सबमिट ऑन फ्रायडे’ या वाक्याचेही असेच. विनंती करण्याआधीच ‘शुक्रवारी देऊच शकत नाही’ असे जाहीर केले, तर प्राध्यापकांनी ठरवायचे काय उरले? शिवाय ते खरेही नव्हते. मी विचारल्यावर कळले, की फिल्टरचे डिझाइन तिने ताप येण्याआधीच पूर्ण केले होते. निकालांची तुलना करणारा अहवाल तेवढा बाकी होता. म्हणजे शुक्रवारी अर्धे काम देता आले असते. तेच लिहायला हवे होते. ‘कॅनॉट’ने दार बंद होते, ‘हॅव नॉट बीन एबल टू’ने आतापर्यंत काय जमले नाही एवढे कळते आणि पुढचे मोकळे राहते.

अति नम्र झाले तर?

तिसऱ्या मसुद्यात तिने सूड उगवल्यासारखे सगळे शब्द एकत्र आणले : ‘आय वॉज जस्ट वंडरिंग इफ इट माइट पॉसिब्ली बी ओके इफ यू कुड परहॅप्स...’ विनंती सापडायला तीन ओळी लागल्या. यातला एक शब्द अंतर निर्माण करतो, पाच मिळून धुके करतात. शेकडो विद्यार्थ्यांचे मेल मोबाइलवर वाचणाऱ्या माणसाला काय मागितले आहे, हे पहिल्या नजरेत कळायला हवे.

धुक्याचा दुसरा प्रकार खास आपला आहे. नुसते सांगायचे, ‘सर, तीन दिवस ताप आहे, काहीच होत नाहीये’ आणि थांबायचे. पुढचे सरांनी ओळखावे. घरात हे चालते. थकलोय म्हटले की चहा येतो. भाषाशास्त्रज्ञ शोशाना ब्लम-कुल्का यांनी १९८७ मध्ये हिब्रू आणि इंग्रजी भाषकांना विनंतीची वेगवेगळी वाक्ये देऊन, कोणते वाक्य किती आडून आणि किती नम्र वाटते, हे तपासले होते. सर्वात आडून केलेले सूचन सर्वात नम्र ठरले नाही. नम्र ठरली ती ‘कुड’च्या घाटाची, सर्वांच्या परिचयाची प्रश्नार्थक वाक्ये. कारण सूचनात समोरच्याला अर्थ शोधण्याचे कष्ट पडतात. आडून बोलणे आणि नम्र बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्याचा निष्कर्ष.

शेवटी गेला तो मेल कसा होता?

विषयाच्या ओळीतला ‘अर्जंट’ काढला, कारण घाई आपली होती, त्यांची नव्हती. तिथे असाइनमेंटचा क्रमांक आणि मागितलेला वार आला. ‘रिस्पेक्टेड सर’ऐवजी ‘डिअर प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव. मग मजकूर :

‘आय अॅम इन युअर ट्यूजडे सिग्नल प्रोसेसिंग क्लास. आय हॅव हॅड अ फीव्हर सिन्स मंडे अँड हॅव नॉट बीन एबल टू वर्क. द फिल्टर डिझाइन इज डन, बट द रिपोर्ट इज नॉट. कुड आय सबमिट असाइनमेंट थ्री बाय मंडे नाइट इन्स्टेड ऑफ फ्रायडे? इफ दॅट इज नॉट पॉसिबल, आय विल सबमिट व्हॉट आय हॅव ऑन फ्रायडे. आय कॅन सेंड अ डॉक्टर्स नोट इफ यू नीड वन. थँक यू फॉर कन्सिडरिंग धिस.’

मोजून पाहा. नम्रतेसाठी वापरलेला शब्द एकच आहे, ‘कुड’, आणि तो नेमक्या मागणीच्या वाक्यात आहे. वचनात ‘विल’ आहे. ‘कॅन’ आहे तिथे ती काही मागत नाही, देऊ करते आहे, त्यामुळे तो साधाच बरा. ‘इफ दॅट इज नॉट पॉसिबल’ या वाक्याने प्राध्यापकांना नकाराची वाट ठेवली आणि नकार आला तरी तिचे १० टक्क्यांच्या कात्रीत सगळेच जाणार नाही, याची सोयही केली. ‘प्लीज रिप्लाय अॅज सून अॅज पॉसिबल’ पूर्ण गेले. मुदत मागणाऱ्याने उत्तराची मुदत ठरवू नये.

शब्द बरोबर असले की मुदत मिळते का?

मिळेलच असे नाही. हाच मेल शुक्रवारी रात्री ११ वाजता गेला असता, तर ‘कुड’ त्याला वाचवू शकला नसता. माहितीपत्रकात ‘मुदतवाढ नाही’ असे लिहिलेले असेल, तर आधी ते वाचल्याचे मेलमध्ये दिसायला हवे. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत तर हा निर्णय प्राध्यापकांच्या हातात नसतोच. विभागाचा ठरावीक अर्ज पुराव्यासह भरावा लागतो. तिथे प्राध्यापकांना मेल करून उत्तराची वाट पाहण्यात दिवस जातात. आणि नव्या तारखेशिवाय केलेली ‘थोडी मुदत’ची विनंती कितीही गोड असली तरी त्यातून फक्त आणखी एक मेल जन्माला येतो.

तरीही शब्दांचा मुद्दा मला छोटा वाटत नाही. आमच्यासारखी हजारो मुले परदेशी प्राध्यापकांना आणि ग्राहकांना मेल लिहितात आणि त्यांतल्या अनेकांना आपण उद्धट ठरलो हे कधी कळतही नाही. व्याकरणाची चूक झाली तर समोरचा म्हणतो, याचे इंग्रजी कच्चे आहे. ‘यू शुड’ लिहिले तर तो म्हणतो, याचा स्वभाव असा आहे. पहिला समज दुरुस्त होतो, दुसरा मनात राहतो. म्हणून कम्युनिकेशन स्किल्सच्या तासाला तक्ते पाठ करून घेण्याऐवजी मुलांच्या मनातल्या ‘द्यावी’, ‘मिळेल का’, ‘विचारायचं होतं’ या वाक्यांपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला नम्रता नव्याने शिकवायची गरज नाही. ती कुठे ठेवायची, एवढेच दाखवायचे आहे.

प्राध्यापकांचे उत्तर आमच्याकडे गुरुवार संध्याकाळ झाली तेव्हा आले. सोमवार नाही, रविवार रात्रीपर्यंत दिले होते, गुण न कापता. आणि बरी हो, असे लिहिले होते. आभाराचा मेल तिने मला न दाखवता पाठवला. नंतर स्क्रीनशॉट आला. खाली तिने लिहिले होते, ‘आधी ‘आय वुड सबमिट’ लिहिलं होतं. पाठवायच्या आधी दिसलं.’